बारा टक्के डिव्हिडंड दिसतोय? ठेव मोडण्याआधी ही पाच कामं करा

सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले माझे काका गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी वही घेऊन घरी आले. वहीत एका कंपनीचं नाव, त्यापुढे १२ हा आकडा आणि आकड्याभोवती दोनदा गिरवलेला गोल. "अगं, बँक ठेवीवर सात टक्क्यांच्या आसपास देते. हा शेअर बारा टक्के डिव्हिडंड देतोय. तीन लाखांची ठेव मोडतो, तू फक्त फॉर्म भरून दे." फॉर्म आता कुठे भरावा लागत नाही, पण काकांच्या लेखी शेअर म्हणजे अजूनही फॉर्मच.

त्या दिवशी दोन-अडीच तास बसून आम्ही त्या बारा टक्क्यांची शकलं केली. ज्या क्रमाने केली त्याच क्रमाने इथे लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही आणि हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल केले आहेत. लागलं एवढंच: कंपनीचा वार्षिक अहवाल, जो बीएसईच्या साइटवर फुकट मिळतो, एक कॅल्क्युलेटर आणि दोन वेळा चहा.

पहिलं काम: वरचा आकडा हलला की खालचा, ते बघा

डिव्हिडंड यील्ड म्हणजे साधा भागाकार. गेल्या बारा महिन्यांत एका शेअरमागे जेवढा डिव्हिडंड मिळाला त्याला आजच्या भावाने भागायचं. काकांच्या वहीतल्या कंपनीने १२ रुपये दिले होते, भाव १०० रुपये होता, म्हणून बारा टक्के. घोषणेत मात्र "६०० टक्के डिव्हिडंड" असं लिहिलं होतं आणि काका ते वाचूनच हुरळले होते. तो टक्का दर्शनी किमतीवरचा, म्हणजे बाजारभावाशी संबंध नसलेल्या, शेअरच्या कागदोपत्री ठरलेल्या मूळ किमतीवरचा असतो. शेअरची दर्शनी किंमत २ रुपये, तिचे ६०० टक्के म्हणजे १२ रुपये. त्या आकड्याचा आपल्या खिशाशी काही संबंध नाही, तो विसरून जा.

आता मागची चार वर्षं एकाखाली एक लिहा, डावीकडे भाव आणि उजवीकडे डिव्हिडंड. आमच्या वहीत असं आलं:

| वर्ष | भाव (रु.) | डिव्हिडंड (रु.) | यील्ड |
|---|---|---|---|
| पहिलं | ३२० | १२ | पावणेचार टक्के |
| दुसरं | २५० | १२ | पाच टक्क्यांना थोडं कमी |
| तिसरं | १७० | १२ | सात टक्के |
| चौथं | १०० | १२ | बारा टक्के |

काका बराच वेळ त्या रकान्यांकडे बघत राहिले. डिव्हिडंड चार वर्षांत एका पैशाने वाढलेला नाही. भाव मात्र तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आलाय. म्हणजे बारा टक्के कंपनीने दिलेले नाहीत, ते पडलेल्या भावाने तयार केलेत. इतरांना काही तरी दिसलं म्हणून ते विकत गेले, आणि त्यांच्या विकण्यातून आपल्याला हा "स्वस्त" आकडा दिसतोय.

बाजार दर वेळी बरोबरच असतो असं नाही. मार्च २०२० मध्ये सगळाच बाजार कोसळला आणि चांगल्या कंपन्यांचं यील्डही फुगलं होतं. म्हणून त्याच धंद्यातल्या दोन-तीन कंपन्या शेजारी ठेवून बघा. सगळ्यांचा भाव पडला असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या कंपनीच्या दोन स्पर्धकांचे भाव त्या काळात साधारण जागच्या जागी होते. पडली होती ती ही एकटीच.

दुसरं काम: पुन्हा न मिळणारे पैसे वगळा

हे आमच्या कंपनीला लागू नव्हतं, पण नवख्या माणसाचा पाय इथे हमखास घसरतो.

शेअरची माहिती देणाऱ्या साइटवरचा यील्डचा आकडा मागच्या बारा महिन्यांच्या डिव्हिडंडची बेरीज करतो. ते पैसे नेहमीचे होते की एकदाच मिळालेले, हे त्याला कळत नाही. मॅजेस्को या कंपनीने आपला अमेरिकेतला धंदा विकला आणि डिसेंबर २०२० मध्ये एका शेअरमागे ९७४ रुपये अंतरिम, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच वाटलेला, डिव्हिडंड दिला. तेव्हा भाव हजाराच्या जवळ होता. डिव्हिडंडचा हक्क संपला त्या दिवशी तो बारा रुपयांच्या आसपास आला. यात कुणी कुणाला फसवलं नाही. घर विकून आलेले पैसे वाटले, घर गेलं. पण ९७४ ला बाराने भागून आलेलं यील्ड बघून कुणी शेअर घेतला असेल तर त्याने रिकामं घर घेतलं.

दुसरं उदाहरण जास्त शिकवणारं आहे, कारण त्यात कंपनी आजारी नव्हती. हिंदुस्थान झिंकने २०२२-२३ या वर्षात शेअरमागे एकूण ७५.५० रुपये डिव्हिडंड दिला. सगळा मिळून ३१,९०० कोटींच्या आसपास. त्या वर्षीचा नफा होता साधारण १०,५०० कोटी. म्हणजे एका वर्षाच्या कमाईच्या तिप्पट वाटप. बाकीचं मागच्या वर्षांच्या साठलेल्या गंगाजळीतून आलं. भाव तेव्हा तीनशेच्या आत होता, त्यामुळे पडद्यावर पंचवीस टक्क्यांच्या घरातलं यील्ड चमकत होतं. पुढच्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, डिव्हिडंड मिळाला १३ रुपये. जस्त आणि चांदी काढणारी कंपनी आपल्या जागी ठणठणीत होती. पण पंचवीस टक्के दरसाल येतील असं धरून निवृत्तीचा महिन्याचा खर्च कुणी आखला असता तर त्याची पंचाईत झाली असती.

असे पैसे ओळखायला बीएसईच्या साइटवर कंपनीच्या पानावर कॉर्पोरेट ॲक्शन्स उघडा. तिथे प्रत्येक डिव्हिडंडची तारीख आणि रक्कम वेगळी दिसते. "स्पेशल" लिहिलेला, किंवा एरवीच्या मानाने फारच मोठा दिसणारा डिव्हिडंड यील्डमधून वजा करा. त्याच यादीत शेअरचं विभाजन झालंय का तेही बघा. एका शेअरचे पाच झाले, भाव पाचव्या हिश्श्यावर आला आणि साइटने जुना डिव्हिडंड दुरुस्त केला नसेल, तर यील्ड पाचपट दिसतं. ही चूक मी एकाहून जास्त साइटवर पाहिली आहे.

तिसरं काम: डिव्हिडंडचे पैसे आले कुठून, ते शोधा

सकाळचा बहुतेक वेळ इथेच गेला, आणि तुमचाही इथेच जावा.

बरेच लोक नफा आणि डिव्हिडंड एवढीच तुलना करून थांबतात. आमच्या कंपनीचे १० कोटी शेअर, नफा १५० कोटी, म्हणजे शेअरमागे १५ रुपये. त्यातले १२ वाटले. "पंधरातले बारा दिले, तीन उरले की!" काका म्हणाले. कागदावर उरलेच होते. पण नफा हा कागदावरचा हिशेब असतो. माल पाठवला, बिल फाडलं की नफा धरला जातो, पैसे हातात येवोत न येवोत. डिव्हिडंड मात्र रोखीत द्यावा लागतो.

काकूंचं माहेर पिंपळगावकडचं, द्राक्षबागेचं. त्यामुळे मी काकांना म्हटलं, व्यापाऱ्याने बाग उचलली, चिठ्ठीवर रक्कम लिहिली आणि "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणून गेला. ती चिठ्ठी म्हणजे नफा. पैसे हातात आले तर रोख. ते लगेच म्हणाले, "आणि व्यापारी पळाला तर?" नेमकं तेच शोधायचं होतं.

वार्षिक अहवालात कॅश फ्लो स्टेटमेंट नावाचं एक-दोन पानी कोष्टक असतं. कंपनीला उपकंपन्या असतील तर अहवालात ते दोनदा येतं. त्यातलं एकत्रित, म्हणजे कन्सॉलिडेटेड, घ्या. त्याचे तीन भाग असतात: धंद्यातून आलेले पैसे, गुंतवणुकीत गेलेले पैसे, आणि कर्ज-भांडवलाची देवाणघेवाण. आपल्याला फक्त पाच आकडे उचलायचे आहेत.

पहिल्या भागाच्या शेवटी धंद्यातून आलेली निव्वळ रोख असते. आमच्या कंपनीत ती १२५ कोटी होती. तिसऱ्या भागात भरलेलं व्याज दिसतं, ३५ कोटी. बहुतेक कंपन्यांत व्याज पहिल्या भागात वजा झालेलं नसतं, म्हणून ते आपण वजा करायचं. राहिले ९०. दुसऱ्या भागात यंत्रं आणि इमारतींवरचा खर्च, ७० कोटी. राहिले २०. आता तिसऱ्या भागातला वाटलेला डिव्हिडंड बघा, १२० कोटी. (हा आदल्या वर्षीचा अंतिम डिव्हिडंड असतो, कारण तो मंजूर होऊन पुढच्या वर्षात दिला जातो. इथे दोन्ही वर्षी बाराच रुपये होते, म्हणून फरक पडला नाही.)

वीस कोटी उरलेल्या कंपनीने एकशेवीस कोटी वाटले. मधले शंभर कोटी आले कुठून, याचं उत्तर पाचव्या आकड्यात मिळालं. कर्ज वर्षाच्या सुरुवातीला २६० कोटी होतं, शेवटी ३६० कोटी.

मी काकांना ते शेअरच्या भाषेत सांगितलं. तुम्हाला मिळणाऱ्या १२ रुपयांतले २ कंपनीने कमावले आणि १० बँकेकडून आणले. त्या दहा रुपयांचं व्याज पुढच्या वर्षी तुमच्याच कंपनीच्या नफ्यातून जाणार.

यंत्रांवरचा ७० कोटींचा खर्च टाळून डिव्हिडंड देता आला नसता का, असं काकांनी विचारलं. काही कंपन्या हेही करतात, आणि ते कर्जापेक्षा उशिरा लक्षात येतं. द्राक्षबागेत काढणीनंतर एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात, तेव्हा वेलीवर एक घड नसतो, नुसता खर्च. पण पुढच्या हंगामाचे घड काडीत त्याच काळात ठरतात. तो खर्च वाचवला तर या वर्षी हातात पैसे दिसतात आणि पुढच्या वर्षी बाग रिकामी. कंपनीत हे ओळखायला यंत्रांवरचा खर्च त्या वर्षीच्या घसाऱ्याशी, म्हणजे यंत्रं झिजण्यापोटी हिशेबात धरलेल्या रकमेशी, ताडून बघा. आमच्या कंपनीत घसारा ६० कोटी आणि खर्च ७० कोटी होता, म्हणजे निदान बागेची निगा राखली जात होती. घसाऱ्याच्या निम्म्यानेच खर्च सलग तीन-चार वर्षं होत असेल तर सावध व्हा.

मग रोख अडकली कुठे? नफा १५०. घसारा ६० आणि व्याज ३५ नफ्यातून वजा झालेले असतात, पण धंद्याच्या रोखीतून नाही, म्हणून ते परत मिळवले की २४५ होतात. हातात आले १२५. मधले १२० कोटी येण्यांत, म्हणजे गिऱ्हाइकांकडे थकलेल्या पैशांत, आणि गोदामातल्या मालात रुतले होते. म्हणजे व्यापाऱ्याची चिठ्ठी.

सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच होती. ते १२० कोटी रुतले नसते तर कंपनीकडे सगळा खर्च जाऊन १४० कोटी उरले असते आणि १२ रुपयांचा डिव्हिडंड आरामात परवडला असता. म्हणून बारा टक्के खरे की खोटे हे एकाच गोष्टीवर ठरणार होतं: अडकलेले पैसे येणार आहेत का?

याचं उत्तर अहवालाच्या मागच्या टिपांमध्ये असतं, आणि तिथपर्यंत फार कमी लोक जातात. २०२१-२२ पासून कंपन्यांना येण्यांचं वयाप्रमाणे कोष्टक द्यावं लागतं: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन, आणि त्याहून जुनी. आमच्या कंपनीची विक्री वर्षाला १,५०० कोटी, आणि ती चार वर्षं जवळपास तेवढीच होती. येणी मात्र २५० कोटींवरून ४५० कोटींवर गेली होती. पूर्वी गिऱ्हाईक साधारण दोन महिन्यांत पैसे देत असे, आता साडेतीन महिन्यांहून जास्त. त्या ४५० पैकी १३० कोटी एका वर्षाहून जुने होते, आणि ते बुडतील म्हणून कंपनीने तरतूद केली होती फक्त १५ कोटींची.

काका कारखान्यात स्टोअर्सला होते. त्यांनी कोष्टकावर बोट ठेवलं. "वर्षभर पैसे न देणारा माणूस पुढे देत नाही गं. निदान पूर्ण तरी देत नाही." म्हणजे १५० कोटींचा नफाही संशयास्पद ठरला, कारण त्यात न येणाऱ्या पैशांची विक्री मोजलेली होती.

कायदा हे थांबवत का नाही, असाही प्रश्न येतो. कंपनी कायद्यानुसार डिव्हिडंड चालू वर्षाच्या नफ्यातून किंवा मागच्या वर्षांच्या साठलेल्या नफ्यातून देता येतो. रोख कमी आहे, कर्ज काढावं लागतंय, हे त्याच्या आड येत नाही.

चौथं काम: हे पैसे कुणाला हवेत?

कर्ज काढून डिव्हिडंड देणं वेडेपणाचं वाटतं, पण देणाऱ्याला त्याचं कारण असतं. ते शोधायला शेअरहोल्डिंग पॅटर्न बघा. तो दर तिमाहीला एक्स्चेंजच्या साइटवर येतो. प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीचा ताबा असलेल्या मुख्य मालकांचा, वाटा आणि त्यातला किती कर्जासाठी तारण ठेवलाय, एवढंच वाचायचं.

आमच्या कंपनीत प्रवर्तकांकडे ५५ टक्के शेअर होते आणि त्यातले जवळपास निम्मे तारण होते. १२० कोटींपैकी ६६ कोटी त्यांच्याच घरी जात होते. शिवाय डिव्हिडंड कापला तर भाव पडतो, भाव पडला की तारण घेणारा आणखी शेअर मागतो किंवा असलेले विकून टाकतो. डिव्हिडंड चालू ठेवणं ही त्यांची निकड होती. ती निकड संपेपर्यंत किंवा बँकेने हात आखडता घेईपर्यंत १२ रुपये मिळत राहणार, आणि मग एकदम बंद.

प्रत्येक पैसे हवे असणारा मालक अडचणीत असतो असं नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ च्या सूचनांत आपल्या कंपन्यांना नफ्याच्या किमान ३० टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या ४ टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढा डिव्हिडंड द्यायला सांगितलं आहे. त्यामुळे अनेक सरकारी कंपन्यांचं यील्ड जास्तच दिसतं. त्यांनाही तिसऱ्या कामाची चाळण लावा. तिच्यातून पार पडल्या तर जास्त यील्डला घाबरायचं कारण नाही.

पाचवं काम: भागाकार पुन्हा करा

आता वर १२ ऐवजी कंपनीला खरोखर परवडणारा आकडा ठेवा. उरलेली रोख २० कोटी, शेअर १० कोटी, म्हणजे २ रुपये. १०० च्या भावाला दोन टक्के. येणी वसूल झाली तर जास्त, पण ती वयाची यादी पाहून मी त्यावर पैसे लावले नसते.

आणि तुलना कशाशी चालली होती ते आठवा. तीन लाखांचे ३,००० शेअर, १२ रुपये मिळाले असते तर ३६,०००. ठेवीचे सात टक्के म्हणजे २१,०००. या सगळ्या खटाटोपातली जादा कमाई १५,०००. ३,००० शेअरवर १५,००० म्हणजे शेअरमागे ५ रुपये. भाव १०० चा ९५ झाला की ती जादा कमाई संपली, आणि हा शेअर वर्षात सत्तर-सत्तर रुपये पडत आला होता. करातही फायदा नव्हता: एप्रिल २०२० पासून डिव्हिडंड आपल्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो, ठेवीच्या व्याजासारखाच.

काकांनी ठेव मोडली नाही. मात्र "अभ्यास म्हणून" पन्नास शेअर घेतलेच. मी अडवलं नाही, पाच हजारांत असा अभ्यास महाग नाही.

मे महिन्यात निकाल लागले. कंपनीने जुन्या येण्यांसाठी ९० कोटींची तरतूद केली, नफा ४० कोटींवर आला आणि संचालक मंडळाने ३ रुपये डिव्हिडंड सुचवला. दोन दिवसांत भाव ६२. संध्याकाळी काकांचा फोन आला, आवाजात धास्ती नव्हती, उलट उत्साह होता. "अगं, आता तर एकोणीस टक्के दाखवतंय!"

बरोबरच होतं. सुचवलेला डिव्हिडंड सर्वसाधारण सभेत मंजूर होऊन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिळतो. तोवर साइटच्या बारा महिन्यांच्या बेरजेत मागचे १२ रुपयेच बसलेले होते. १२ भागिले ६२.

"काका, वही काढा. वर किती लिहायचे?"

थोडा वेळ पानं उलटल्याचा आवाज आला. "तीन. खाली बासष्ट." मग कॅल्क्युलेटरची टिकटिक. "पाचसुद्धा नाहीत गं."